कॉर्टिसॉल, सुटलेलं पोट आणि रिपोर्टमधला तो ‘एच’

सांजवारा | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

वय ३७, पुण्यात नोकरी, एक मुलगी. हातपाय बारीक, चेहरा बऱ्यापैकी, पण पोट मात्र गेल्या दोन वर्षांत असं सुटलंय की लोकलमध्ये एका काकूंनी उठून जागा दिली. मी मुकाट्याने बसले. काय सांगणार?

महिनाभर मोबाईलवर एकच विषय समोर येतोय. ‘तुमचं पोट जेवणाने नाही, ताणाने सुटलंय’, ‘हातपाय काडी आणि पोट पुढे, म्हणजे कॉर्टिसॉल’. वर्णन तंतोतंत माझं. मग फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे ते ताणाचं हार्मोन, जोडून घेतलं. रक्त सकाळी ७:२० ला दिलं. रिपोर्टमध्ये २६.३ आलंय आणि शेजारी ठळक ‘एच’. लॅबची मर्यादा १९.४ लिहिली आहे. तेव्हापासून झोप नाही, म्हणजे आता ते आणखी वाढलं असणार!

कंबर ९१ सेंटीमीटर, बीएमआय २४. पीसीओडीसाठी गोळी चालू आहे, बाकी औषध काही नाही. कुणाला याचा अनुभव आहे का? एका ताईंनी इन्स्टावर ‘कॉर्टिसॉल डिटॉक्स’चं तीन महिन्यांचं पॅकेज सांगितलंय, ते घ्यावं का?

पंतांचा_वाडा | सोमवार, रात्री ११:०५

माझं २४० आलं होतं. अंड्यातलं पिवळं बंद केलं, तेल बदललं, सहा महिन्यांत १९० वर आलं. तुमचं तर २६ च आहे, एवढं काय मनावर घेता? सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या घ्या.

ठेचा_भाकरी | सोमवार, रात्री ११:०९

पंत, ते कोलेस्टेरॉल. हे कॉर्टिसॉल.

पंतांचा_वाडा | सोमवार, रात्री ११:१४

अरेच्चा. चष्मा काढून वाचत होतो. लसणाने तरी काही बिघडत नाही.

लोखंडी_वजन | सोमवार, रात्री ११:३०

सांजवारा, तुमचं निदान बरोबर आहे. कॉर्टिसॉल वाढलं की शरीर हातापायांचे स्नायू खातं आणि चरबी पोटात साठवतं, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. पोटातल्या चरबीच्या पेशींवर कॉर्टिसॉल पकडणाऱ्या जागा जास्त असतात, म्हणून ते बरोबर तिथेच जाऊन बसतं. मी जिममध्ये ट्रेनर आहे, रोज बघतो. पळणं ताबडतोब बंद करा, पळण्याने कॉर्टिसॉल वाढतं. सकाळची कॉफी बंद करा. फक्त वजनं उचला आणि रात्री अश्वगंधा. दोन महिन्यांत फरक दिसेल.

कडुलिंब | मंगळवार, सकाळी ६:५०

सांजवारा, आधी एकच प्रश्न. ती पीसीओडीची गोळी म्हणजे २१ दिवस घेऊन ७ दिवस थांबायची, पाळी नियमित करणारी पाकिटातली गोळी का? तिच्यात इस्ट्रोजेन असतं. तसं असेल तर तुमच्या ‘एच’चं बरंचसं उत्तर त्या पाकिटातच आहे.

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये हार्मोनच्या तपासण्यांवर बावीस वर्षं काम केलं. डॉक्टर नाही, पण हे असले ‘एच’ घेऊन रडवेल्या चेहऱ्याने आलेल्या बायका भरपूर पाहिल्या आहेत.

सांजवारा | मंगळवार, सकाळी ७:३५

हो, तीच. चार वर्षं झाली. पण तिचा काय संबंध? ती गोळी तर पाळीची.

कडुलिंब | मंगळवार, सकाळी ९:२०

सांगते, चहा ठेवून निवांत वाचा.

रक्तातलं कॉर्टिसॉल सुटं फिरत नाही. नव्वद टक्क्यांहून जास्त कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटून हिंडतं. असं समजा की ते रिक्षांत बसलेले प्रवासी आहेत. रिक्षात बसलेला माणूस कुणाच्या घरात शिरू शकत नाही, उतरलेलाच दार वाजवतो. अवयवांवर जो काही परिणाम होतो तो या उतरलेल्या मूठभर प्रवाशांचा. पण आपण नेहमी करतो त्या रक्ताच्या तपासणीत सगळे मोजले जातात, बसलेले आणि उतरलेले एकत्र.

इस्ट्रोजेनची गोळी घेतली की यकृत या रिक्षा जास्त बनवायला लागतं. रिक्षा वाढल्या की बसलेले प्रवासी वाढतात, एकूण आकडा फुगतो. उतरलेले जवळपास तेवढेच राहतात. गोळी घेणाऱ्या बाईचं सकाळचं एकूण कॉर्टिसॉल लॅबच्या मर्यादेच्या वर जाणं ही रोजची गोष्ट आहे. गरोदरपणातही हेच होतं. लॅबवाल्याने तुम्हाला गोळीबद्दल विचारलं का? पॅकेजमध्ये कुणी विचारत नाही.

दुसरं म्हणजे वेळ. कॉर्टिसॉल दिवसभर एका पातळीवर नसतं. पहाटे चढायला लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं, मग उतरत उतरत मध्यरात्री तळाला जातं. तुम्ही सकाळी ७:२० ला रक्त दिलंत, म्हणजे शिखराच्या आसपास. त्यात उपाशीपोटी, सुईची भीती. कॉर्टिसॉल खरोखर जास्त बनतंय का, हे सकाळच्या एका नमुन्यावरून ठरवतच नाहीत. सकाळचं रक्त उपयोगी पडतं ते उलट प्रश्नासाठी, म्हणजे कमी तर पडत नाही ना ते बघायला.

आणि कृपा करून गोळी मनाने बंद करू नका. ज्यांनी सुरू केली त्यांच्याशी बोला.

लोखंडी_वजन | मंगळवार, सकाळी १०:०१

म्हणजे मी सांगितलं ते खोटं? स्नायू गळणं, पोट सुटणं, सगळं वैद्यकाच्या पुस्तकात आहे.

कडुलिंब | मंगळवार, सकाळी १०:४०

खोटं नाही, पण ते वर्णन वेगळ्या आजाराचं आहे. हार्वे कुशिंग नावाच्या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९३२ मध्ये तो सविस्तर मांडला, म्हणून कुशिंग. पिट्युटरी किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीत गाठ होते आणि कॉर्टिसॉल रात्रंदिवस पाझरत राहतं. मध्यरात्रीचा तळ गायब होतो. तिथे तुम्ही म्हणता ते अगदी खरंय, पोटात चरबी साठते, दंड-मांड्या गळतात. पण असा रुग्ण दहा लाखांत वर्षाला दोन-तीन.

रीलवाले करतात काय, की त्या आजाराचं चित्र उचलतात आणि ऑफिसच्या डेडलाइनला चिकटवतात. बॉसच्या ओरडण्याने कॉर्टिसॉल वाढतं, पण ते तासा-दीड तासात परत खाली येतं. पळण्यानेही तसंच. महापुराचं पाणी गावात शिरून घरं पाडतं, म्हणून बादली सांडल्यावर गाव वाहून जाईल असं म्हणायचं का?

ठेचा_भाकरी | मंगळवार, सकाळी ११:०२

पळण्याने पोट सुटत असेल तर मुंबई मॅरेथॉनला पहिल्या रांगेत सगळे ढेरपोटे दिसायला हवेत. मी दरवर्षी बघायला जातो, ते आमच्यासारखे शेवटच्या रांगेत असतात.

सांजवारा | मंगळवार, दुपारी १:१५

कडुलिंब ताई, खूप खूप आभार, जीव थोडा भांड्यात पडला. पण तो दहा लाखांतला दोन-तीन मीच नाही कशावरून? हातपाय बारीक आणि पोट पुढे हे तर आहेच ना.

कडुलिंब | मंगळवार, दुपारी २:३०

रास्त शंका. आमच्याकडचे डॉक्टर पोटाकडे शेवटी बघायचे, कारण पोट सगळ्यांचंच सुटतं. ते आधी या गोष्टी बघायचे:

मांडी घालून जमिनीवर बसा आणि हात न टेकता उठून दाखवा. खऱ्या कुशिंगमध्ये मांड्यांचे स्नायू इतके गळतात की माणूस हात टेकल्याशिवाय उठू शकत नाही, जिना चढताना कठड्याला लोंबकळतो, बाईला केस विंचरताना हात वर धरवत नाही.

पोटावरचे वळ बघा. बाळंतपणाचे पांढुरके, चंदेरी, बारीक असतात. कुशिंगचे जांभळे-लालसर असतात आणि बोटभर रुंद, कातडी पातळ झाल्यामुळे आतलं रक्त दिसतं. टेबलाचा कोपरा लागला तरी काळंनिळं पडतं का? चेहरा गोल आणि लालबुंद झालाय का? जुना फोटो शेजारी धरला की कळतं. ब्लडप्रेशर, साखर कमी वयात अचानक वाढली का?

सांजवारा | मंगळवार, दुपारी २:४८

आत्ता ऑफिसच्या पॅन्ट्रीत जमिनीवर बसून हात न टेकता उठले. चहावाल्या दादांनी विचारलं, काय हरवलं का. वळ आहेत, पण पांढरे, मुलीच्या वेळचे. काळंनिळं पडत नाही.

वारणाकाठ | मंगळवार, रात्री ९:१०

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या मामांची गोष्ट.

मामांचे गुडघे कायम दुखायचे. गावात कुणी एक जण पुड्या द्यायचा, ‘शंभर टक्के झाडपाल्याची’ म्हणून. आठवड्यात मामा जिना चढायला लागले, भूक अशी लागली की रात्री उठून भाकरी खायचे. सगळे खूश. सहा-सात महिन्यांत चेहरा पुरणपोळीसारखा गोल आणि पोट घागरीएवढं. दंड मात्र वाळलेले. मनगटावर घड्याळाचा पट्टा घासला तरी जांभळा डाग. आम्हाला वाटलं, मामा सुखात आलेत.

मग तो पुड्यावाला गाव सोडून गेला. पुड्या संपल्या आणि आठ-दहा दिवसांत मामांना उलट्या, ग्लानी, बीपी तळाला. आयसीयूत नेलं. डॉक्टरांनी रक्त बघितलं तर सकाळचं कॉर्टिसॉल जेमतेम दीड. आम्ही चक्रावलो, पोट कॉर्टिसॉलचं म्हणता आणि कॉर्टिसॉल तर नाहीच? तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की पुडीत स्टिरॉइड होतं. बाहेरून आयतं मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं. बाहेरचं अचानक थांबलं की दोन्हीकडून ठणठणाट. पुढे जवळजवळ वर्षभर गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. आता मामा बरे आहेत, गुडघे परत दुखतात.

कडुलिंब | मंगळवार, रात्री १०:०४

वारणाकाठ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आपल्याकडे खऱ्या अर्थाने ‘कॉर्टिसॉलचं पोट’ दिसतं ते बहुतेक वेळा असंच बाहेरून आलेलं असतं. दम्याच्या, सांधेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षं त्याच चिठ्ठीवर घेणारे, गोरं होण्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडचं मलम चोळणारे आणि या पुड्या. ज्याला कुणाला असं काही चालू असल्याचा संशय असेल त्याने ते एका दिवसात बंद करू नये, आधी डॉक्टर गाठावा. मामांच्या बाबतीत पुडीने जितकं बिघडवलं तितकंच ती एकदम थांबण्याने.

सांजवारा, पुडी, मलम, गुडघ्यात किंवा खांद्यात इंजेक्शन, असं काही?

सांजवारा | मंगळवार, रात्री १०:२०

नाही, काहीच नाही. उद्या हार्मोनच्या डॉक्टरांची वेळ घेते. डिटॉक्सवाल्या ताईंना अजून उत्तर दिलेलं नाही.

गणिती | बुधवार, सकाळी ८:१५

सगळी चर्चा वाचली. माझं मत सरळ आहे, ताणबीण काही नाही. खाल्लं जास्त, हललात कमी, पोट सुटलं. हार्मोनवर ढकलणं ही पळवाट आहे.

कडुलिंब | बुधवार, सकाळी ११:३०

इतकंही सोपं नाही हो. रील अतिशयोक्त आहेत म्हणून ताणाला शून्य मार्क देता येत नाहीत.

इंग्लंडमध्ये ५४ वर्षांवरच्या अडीच हजारांहून जास्त लोकांच्या केसांतलं कॉर्टिसॉल मोजलं होतं, २०१७ मध्ये ते छापून आलं. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो, म्हणजे मुळाशी दोन सेंटीमीटर कापलं की दोन महिन्यांचा हिशोब मिळतो. एका सकाळच्या रक्तापेक्षा हे कितीतरी बरं. त्यात ज्यांच्या केसांत कॉर्टिसॉल जास्त त्यांचं वजन आणि कंबर जास्त, असं दिसलं. पण संबंध बारीक होता. आणि बाण कोणत्या दिशेने जातो हे त्यातून कळत नाही. कॉर्टिसॉलने पोट सुटलं की सुटलेल्या पोटाने कॉर्टिसॉल वाढवलं? चरबीच्या पेशींमध्ये एक एन्झाइम असतं, ते निष्क्रिय कॉर्टिसोनचं तिथल्या तिथे कॉर्टिसॉल बनवतं. २००१ मध्ये उंदरांच्या चरबीत ते एन्झाइम मुद्दाम वाढवलं तर रक्तातलं त्यांचं कॉर्टिसॉलसारखं हार्मोन होतं तेवढंच राहिलं आणि उंदरांची पोटं सुटली. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता किल्ली सापडली. एन्झाइम अडवणारी औषधं माणसांवर वापरून पाहिली, वजनात फरक पडला तो किरकोळ. त्यामुळे हा प्रश्न मी मिटला असं म्हणणार नाही.

गणिती | बुधवार, दुपारी १२:१०

म्हणजे शेवटी खाणंच ना?

कडुलिंब | बुधवार, दुपारी १२:५५

खाणं आहेच, पण ते हाताला धरून कोण आणतं तेही बघा. मेयो क्लिनिकने २०२२ मध्ये एक छोटा प्रयोग छापला. बारा धडधाकट, लठ्ठ नसलेली माणसं. दोन आठवडे रोज चारच तास झोपू दिलं आणि खाण्याला मोकळीक ठेवली. दुसऱ्या खेपेला त्याच माणसांना नऊ तास झोप. कमी झोपेच्या खेपेला ती माणसं रोज तीनशेहून जास्त कॅलरी जादा खात होती, म्हणजे तीनेक पोळ्या. वजन फारसं हललं नाही, पण स्कॅनमध्ये पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी सुमारे ११ टक्क्यांनी वाढलेली दिसली. वजनकाट्याला ते कळलं नाही.

बारा माणसं म्हणजे फार नव्हेत, मान्य. पण ताण आणि पोट यांच्यामध्ये मला तरी स्वयंपाकघर आणि बिछाना हे दोनच मोठे रस्ते दिसतात. रात्री साडेअकराला लॅपटॉप मिटून फरसाणाचा डबा उघडणारी बाई कॉर्टिसॉलला नाव ठेवते, तेव्हा डबा निर्दोष सुटतो.

सांजवारा | बुधवार, दुपारी १:०२

ताई, तुम्ही माझ्या घरात कॅमेरा लावलाय का? 🙈 डबा बाकरवडीचा आहे फक्त.

केतकी_वन | बुधवार, दुपारी ३:४०

एक मुद्दा कुणीच मांडला नाही. ‘हातपाय बारीक, पोट पुढे’ ही आपल्या अर्ध्या देशाची ठेवण आहे! पुण्यातल्याच केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक यांनी यावर आयुष्य घालवलंय. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा जोडीने फोटो आला होता. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. दिसायला दोघंही सडपातळ.

आपली बाळंच जन्मतः हलकी पण चरबी राखून असलेली, स्नायू कमी. म्हणून आपल्याकडे कंबरेची मर्यादा पण वेगळी धरतात, बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटीमीटर. त्या रीलचं लक्षण भारतीयांना लावलं तर रस्त्यावरचा दर दुसरा माणूस कॉर्टिसॉलचा पेशंट ठरेल. अमेरिकेत बनवलेला साचा आपण उचलतो आणि तो आपल्याला चपखल बसतो, कारण आपण आधीपासून तसेच आहोत.

कडुलिंब | बुधवार, दुपारी ४:०५

केतकी, हे मला सुचायला हवं होतं. +१००.

लोखंडी_वजन | बुधवार, सायंकाळी ७:२०

ठीक आहे, पळण्याचं मागे घेतो. पण अश्वगंधेवर तरी संशोधन आहे ना? कॉर्टिसॉल २८ टक्के कमी होतं, डब्यावर छापलेलं असतं.

कडुलिंब | बुधवार, रात्री ८:४५

आहे. त्यातला गाजलेला प्रयोग हैदराबादचा, २०१२ चा. ६४ माणसं, ६० दिवस. गोळी घेणाऱ्यांचं कॉर्टिसॉल सुमारे तेवढंच उतरलं आणि ताण कमी वाटतो असंही त्यांनी सांगितलं. झोपेला मदत होत असेल, मला त्यावर वाद नाही. पण त्यात कंबर मोजलेली नव्हती. ‘कॉर्टिसॉल उतरलं’ पासून ‘पोट उतरलं’ पर्यंतची उडी डब्यावरच्या चित्राने मारलेली आहे. ही उडी जुनी आहे, अमेरिकेत कॉर्टिसॉल कमी करून पोट घालवणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातींवर तिथल्या व्यापार आयोगाने २००४ मध्येच खटला भरला होता.

आणि ‘झाडपाला आहे, अपाय नाही’ म्हणू नका. अश्वगंधेच्या गोळ्यांनी काविळीसारखा यकृताचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडच्या रिपोर्टमध्येही गडबड होऊ शकते. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. ती योग्य की अतिरेकी यावर दोन मतं असतील.

रानजाई | बुधवार, रात्री १०:१८

माझी आजी दुधातून घ्यायची, ९१ वर्षं जगली.

ठेचा_भाकरी | बुधवार, रात्री १०:२१

आजीच्या वेळी बॉस पण नव्हता.

रानजाई | बुधवार, रात्री १०:२४

सासू होती.

सांजवारा | बारा दिवसांनी, शनिवार, सकाळी ११:१०

नमस्कार, डॉक्टरांकडे जाऊन आले.

त्यांनी रिपोर्ट बघायच्या आधी मला खुर्चीतून हाताची घडी घालून उठायला लावलं, दंड दाबले, पोटावरचे वळ पाहिले, बीपी घेतलं. मग रिपोर्ट हातात घेऊन पहिला प्रश्न, “गोळी घेता का?” मी हसायलाच लागले.

त्या म्हणाल्या, तपासून मला कुशिंग वाटत नाही, पण तुमच्या डोक्यातून हे जायला हवं. नेहमीची पद्धत अशी की रात्री ११ ला डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड एक मिलीग्रॅम घ्यायचं आणि सकाळी ८ ला रक्त द्यायचं. धडधाकट शरीर म्हणतं, बाहेरून आलंय ना, मग मी बनवत नाही, आणि कॉर्टिसॉल १.८ च्या खाली जातं. पण गोळी चालू असताना ती तपासणी केली तर रिक्षांमुळे (हा शब्द मी त्यांना ताईंचं नाव सांगून दिला, त्यांना आवडला) आकडा खाली येत नाही आणि उगाच घबराट होते. गोळी दीड महिना थांबवून करावी लागते. त्यापेक्षा मध्यरात्रीची लाळ तपासू म्हणाल्या, कारण लाळेत फक्त उतरलेले प्रवासी येतात.

दोन वेगवेगळ्या रात्री करायचं. कापसाची वळी असलेली नळी देतात, रात्री ११ ते १२ च्या दरम्यान ती वळी तोंडात धरून दोन मिनिटं चघळायची, परत नळीत टाकायची, फ्रिजमध्ये ठेवायची. फ्रिजमध्ये ती नळी बघून सासूबाईंनी विचारलं, हे काय विरजण?

पहिल्या रात्रीचं फुकट गेलं. मी आधी दात घासले होते, हिरडीतून थोडं रक्त आलं. रक्त मिसळलं की पुन्हा बसलेले प्रवासी आले. नर्सने अजून विचारलं, तंबाखू? नाही. हाताला कुठलं मलम? नाही. घशासाठी काही चघळता? तर मी रोज ज्येष्ठमध चघळते, दिवसभर फोनवर बोलून घसा बसतो म्हणून. ती म्हणाली, आठवडाभर बंद.

कडुलिंब | शनिवार, सकाळी ११:४५

नर्सला शाबासकी द्या. लाळग्रंथीत कॉर्टिसॉलला निष्क्रिय करणारं एक एन्झाइम असतं, ज्येष्ठमध तेच अडवतं. मग लाळेत कॉर्टिसॉल उगाच जास्त दिसतं. आमच्याकडे असा एक गायक आला होता, तीनदा तपासणी करून झाल्यावर त्याच्या खिशातली ज्येष्ठमधाची कांडी दिसली.

सांजवारा | शनिवार, दुपारी १२:२०

काल निकाल आले. दोन्ही रात्रीचे नॉर्मल. ‘एच’ गेला!

पण डॉक्टरांनी सोबत साखरेची तीन महिन्यांची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी सांगितली होती. HbA1c ५.९ आलंय आणि यकृतावर चरबी, पहिली पायरी. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही कॉर्टिसॉलच्या मागे लागलात म्हणून इथे आलात हे चांगलं झालं, पण बोलायचंय ते याबद्दल. रात्रीच्या जेवणाची वेळ, आठवड्यातून तीन दिवस वजनं, रोज चालणं, झोप साडेसहा तासांच्या खाली नको. तीन महिन्यांनी वजनकाटा नको, टेप घेऊन या.

बाकरवडीचा डबा वरच्या फळीवर गेलाय. स्टूल लागतं.

लोखंडी_वजन | शनिवार, दुपारी १:०५

वजनं कधीपासून? फॉर्मचे व्हिडिओ पाठवतो. आणि पळा बिनधास्त.

पंतांचा_वाडा | शनिवार, दुपारी १:३०

सोनोग्राफीत यकृतावर चरबी म्हणजे ते माझंवालं ना? कोलेस्टेरॉल?

ठेचा_भाकरी | शनिवार, दुपारी १:३२

पंत, चष्मा.

निशाचर_०७ | शनिवार, रात्री ११:५०

उशिरा आलो. मी हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर काम करतो, सहा वर्षं झाली. सकाळी ७ ला झोपतो, दुपारी २ ला उठतो, महिन्यातून आठवडाभर दिवसपाळी. पोट माझंही सुटलंय, बीपीची गोळी पस्तिशीतच सुरू झाली. मध्यरात्री लाळ तपासायची तर माझी मध्यरात्र कोणती? १२ ला मी मीटिंगमध्ये असतो.

कडुलिंब | रविवार, सकाळी ७:१५

तुमच्यासारख्यांना ती लाळेची तपासणी लावतच नाहीत, कारण तळ नेमका कधी येतो हे तुमच्या शरीरालाच ठरवता आलेलं नसतं. पाळी बदलत राहणाऱ्याचं तर त्याहून अवघड. तिथे डेक्सामेथासोनची तपासणी बरी पडते. पण बीपी लवकर सुरू झालंय म्हणता, तर आधी जमिनीवर बसून हात न टेकता उठता येतं का ते सांगा. आणि गुडघा, पाठ, त्वचा, कशासाठीही काही औषध किंवा मलम?

निशाचर_०७ | रविवार, सकाळी ७:२२

उठता येतं. त्वचेसाठी एक मलम आहे, जांघेतल्या खाजेला, मेडिकलवाल्याने दिलेलं. दीड वर्ष लावतोय. ट्यूब शोधतो, त्यावर काय लिहिलंय ते झोपून उठल्यावर टाकतो.